चौदा ते वीस

३१ मे २०२३ हा माझा कंपनीतला शेवटचा दिवस. राजीनामा दोन महिने आधीच दिला होता, नोटीस पिरियड इमानेइतबारे भरला, केक कापला, लॅपटॉप परत केला आणि १ जूनला, गुरुवारी, सकाळी साडेनऊ वाजता घरच्या डायनिंग टेबलावर 'फ्रीलान्सर' म्हणून बसलो. बायको तिच्या ऑफिसला गेली. आई म्हणाली, "आज सुट्टी आहे का रे?" म्हटलं, "नाही गं, आता हेच ऑफिस." तिने टेबलावरची लोणच्याची बरणी उचलून ओट्यावर नेऊन ठेवली. एवढाच काय तो उद्घाटन समारंभ.

पैशांचा हिशेब आधीच केला होता. घराचा हप्ता, विम्याचे हप्ते, किराणा, वीज, पेट्रोल असं सगळं धरून माझ्या वाट्याला महिन्याला ६८,००० रुपये येत होते. चार लाख आठ हजार वेगळ्या खात्यात टाकले होते. बरोबर सहा महिने. सहा महिन्यांत जमलं नाही तर मुकाट्याने रेझ्युमे अपडेट करायचा, असं घरात सर्वानुमते ठरलं होतं. (सर्वानुमते म्हणजे बायकोने सांगितलं आणि मी हो म्हटलं.)

आता जून महिना. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. एका मोठ्या फ्रीलान्सिंग साइटवर प्रोफाइल केलं. दहा वर्षांचा अनुभव, जावा, स्प्रिंग, पोस्टग्रेस, पायथन, काय काय. रोज एक-दोन कामांसाठी प्रस्ताव पाठवायचा. काम नीट वाचायचं, समोरच्याला काय हवंय ते समजून घ्यायचं, आपण ते कसं करू ते लिहायचं. एका प्रस्तावाला पाऊण तास सहज जातो. महिन्याभरात ३८ प्रस्ताव गेले. त्यातले पाच उघडून वाचले गेल्याचं दिसलं. दोघांचं उत्तर आलं. एकाला आधी फुकट नमुना हवा होता, दुसरा दोन निरोपांनंतर अंतर्धान पावला. मिळकत शून्य.

त्या वर्षी पाऊसही उशिरा आला. मुंबईत मान्सून पोचल्याचं जाहीर झालं ते २५ जूनला, आणि पुण्यात तोवर नुसता उकाडा. दुपारी तीन वाजता पंख्याखाली बसून इनबॉक्स रिफ्रेश करायचा. शेजारचे काका विचारायचे, "वर्क फ्रॉम होम का?" मी "हो" म्हणायचो. होम होतं, वर्कचं बघत होतो.

या काळात एक सवय मात्र टिकली होती, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. नोकरीत असताना आम्हाला टाइमशीट भरायला लागायची. ती मी वहीत चालूच ठेवली होती. कुठल्या कामाला किती वेळ, एवढंच. २४ जूनला, शनिवारी, सगळी बेरीज केली. प्रस्ताव लिहिण्यात २८ तास. प्रोफाइल, वेबसाइट, लोगो यांत ३१ तास. नवीन फ्रेमवर्क शिकण्यात ४० तास. आणि ज्याचा धंदा कधीतरी डोळ्यांनी पाहिलाय अशा माणसाशी बोलण्यात शून्य तास. हा दुसरा शून्य मला पहिल्या शून्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटला. चूक-बरोबर बाजूला ठेवा. आकड्यांकडे बघून जे दिसतं ते दिसतं. साइटवर माझ्यासारखे हजारो आहेत आणि माझ्या नावापुढे एकही अभिप्राय नाही. तिथे वाचणाऱ्याला माझ्यात आणि पुढच्यात फरक दिसायला जागाच नव्हती. तो फरक ओळखीच्या माणसाला न सांगता दिसतो.

मग पुढच्या आठवड्यात अकरा फोन केले. जुने सहकारी, कॉलेजचे मित्र, एक दूरचे मेहुणे. "काही काम असेल तर सांग" हे वाक्य मुद्दाम टाळलं. ते म्हटलं की समोरचा "नक्की, नक्की" म्हणतो आणि विसरतो. त्यात त्याचाही दोष नाही, कारण 'काम' म्हणजे काय हे त्याला कुठे माहीत असतं? त्याऐवजी एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे किंवा ओळखीत कोणाकडे असं काय आहे, जे दर महिन्याला येतं आणि माणसं वैतागतात?

बहुतेकांनी विचार करून सांगतो म्हटलं. एक जुना सहकारी मात्र लगेच म्हणाला, "आमच्या मामाच्या दुकानात चौदा तारखेपासून वीस तारखेपर्यंत कोणी कोणाशी नीट बोलत नाही."

मामांचं इलेक्ट्रिकल सामानाचं होलसेल दुकान. केबल, स्विचगिअर, एमसीबी वगैरे. मागे गोदाम, वर माळ्यावर ऑफिस. १४ जुलैला, शुक्रवारी, मी तिथे गेलो. मामांनी चहा मागवला आणि म्हणाले, "भाचा म्हणाला तुम्ही कॉम्प्युटरचं करता. आमचा प्रिंटर पण अडतो जरा." म्हटलं, प्रिंटर नंतर बघू, आधी चौदा तारखेचं काय ते दाखवा.

माळ्यावर हिशेब बघणाऱ्या ताई होत्या. बावीस वर्षं त्याच खुर्चीत. त्यांच्यापुढे दोन जाड प्रिंटआउट आणि एक लाल पेन्सिल.

ज्यांचा जीएसटीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण गोष्टीचा जीव यातच आहे. मामा माल विकत घेतात तेव्हा पुरवठादाराला कर देतात. एक लाखाच्या मालावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपये. मामा स्वतः माल विकतात तेव्हा गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर सरकारला भरायचा असतो, पण त्यातून आधी दिलेले १८,००० वजा करता येतात. हे क्रेडिट. मात्र २०२२ च्या जानेवारीपासून अट अशी, की ते बिल पुरवठादाराने आपल्या विवरणात दाखवलेलं असलं पाहिजे. दर महिन्याला विवरण भरणाऱ्या पुरवठादारांची शेवटची तारीख ११. त्यावरून पोर्टल १४ तारखेला एक यादी तयार करतं, तिचं नाव जीएसटीआर-२बी. आणि मामांनी कर भरायची तारीख २०. म्हणजे यादी हातात आल्यावर सहा दिवस. त्या सहा दिवसांत आपल्या खरेदीच्या वहीतलं एकेक बिल त्या यादीत शोधायचं. सापडलं नाही तर तेवढे पैसे त्या महिन्यात खिशातून जातात. आणि नसलेलं क्रेडिट घेऊन वापरलं, तर नंतर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज.

मामांची महिन्याला सुमारे ६४० खरेदी बिलं. ताईंनी एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावायला कोणाकडून तरी शिकून घेतलं होतं. त्याने ४३० जुळायची. उरलेली २१० त्या डोळ्यांनी शोधायच्या, लाल पेन्सिल घेऊन, साडेतीन दिवस.

मी त्या दिवशी आणि शनिवारी त्यांच्या शेजारी नुसता बसलो. लॅपटॉप बॅगेतच होता. दर वेळी त्या थांबल्या की विचारायचो, ताई, हे का नाही जुळलं? आणि वहीत एक रेघ मारायचो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेघा मोजल्या तर जवळजवळ सगळं तीन कारणांत बसत होतं.

सगळ्यात जास्त रेघा बिल नंबर लिहिण्याच्या पद्धतीला. पुरवठादाराच्या विवरणात नंबर असतो `SE/23-24/0417`. कायद्याने तो सोळा अक्षरांपर्यंत कसाही असू शकतो, फक्त त्या पुरवठादाराकडे त्या आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको. गोदामातला पोरगा बिल बघून टाइप करतो `417`. त्याचं बरोबरच आहे, माणसाला तेवढंच पुरतं. मशीनच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी बिलं. दुसरं कारण महिनाअखेरचं. बिलावर ३० जून, माल आला ३ जुलैला, म्हणून वहीत नोंद जुलैची. आणि तिसरं, बिलाऐवजी मालाबरोबर आलेल्या चलनाचा नंबर टाइप केलेला.

बाजारात हे जुळवून देणारी तयार सॉफ्टवेअर मिळतात, तीही चांगली. मामांकडे एक आणून बसवलेलंही होतं, पण दुकानाचं बिलिंग चालायचं ते कोणीतरी पूर्वी करून दिलेल्या जुन्या प्रोग्रॅमवर, आणि त्यातून निघणारी एक्सेल त्या नव्या सॉफ्टवेअरला पचत नव्हती. चलनाच्या नंबरांची भानगड तर कुठल्याच सॉफ्टवेअरला ठाऊक असायचं कारण नाही. ती ताईंना ठाऊक होती.

शनिवारी निघताना मामांनी विचारलं, "किती घेणार?" इथे एक सांगायला हवं. साइटवर मी तासाचा दर लिहिला होता, आणि तो बरोबर की चूक हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. इथे मात्र दोन दिवस बसल्यामुळे आकडे समोर होते. ताईंचे साडेतीन दिवस, शिवाय घाईत सुटलेल्या बिलांचे पैसे. मी दोन भाग केले. पहिला, काय होतंय ते शोधून दोन पानांत लिहून देणं: १२,००० रुपये. दुसरा, त्यावर काम करणारा प्रोग्रॅम: ३५,०००, निम्मे आधी. पहिला भाग बघून दुसरा नको वाटला तर तिथेच थांबायचं. मामांनी थोडी घासाघीस केली (न करते तर मलाच काळजी वाटली असती), पण पहिल्या भागाला हो म्हणाले. बारा हजार रुपये. ज्या महिन्यात आधीच्या महिन्याचं शून्य वहीत ताजं असतं, त्यात बारा हजार फार मोठी रक्कम वाटते.

प्रोग्रॅमचा गाभा अगदी छोटा आहे. बिल नंबरातून वर्ष काढून टाकायचं आणि उरलेल्यातला शेवटचा आकडा घ्यायचा:

```python
import re

def chavi(n):
    n = re.sub(r"(20)?23-24", "", str(n))
    ank = re.findall(r"\d+", n)
    return ank[-1].lstrip("0") if ank else ""
```

यात वर्ष काढण्याची ओळ महत्त्वाची. काही पुरवठादार नंबर उलटा लिहितात, `0417/23-24`. ती ओळ नसेल तर शेवटचा आकडा येतो 24, आणि त्या पुरवठादाराची झाडून सगळी बिलं '24' होऊन बसतात. पण तेवढ्याने भागत नाही. एका पुरवठादाराच्या दोन शाखा, एकीचं बिल `A/101`, दुसरीचं `B/101`, जीएसटी नंबर एकच. दोन्हींची किल्ली 101. कर जर जवळपास सारखा असेल, तर प्रोग्रॅम बिनधास्त चुकीची जोडी लावून मोकळा होईल, आणि यादीत सगळं हिरवं दिसेल. न जुळलेलं बिल निदान ओरडतं. चुकीचं जुळलेलं गप्प बसतं.

म्हणून नियम असा ठेवला की, एका पुरवठादाराकडे एकच किल्ली दोनदा आली तर त्या बिलांना किल्ली वापरायचीच नाही. जुळणी तीन पायऱ्यांत. आधी जीएसटी नंबर आणि पूर्ण बिल नंबर. मग जीएसटी नंबर, किल्ली आणि कराची रक्कम, एका रुपयाच्या फरकापर्यंत. मग नंबर सोडून नुसती रक्कम आणि सात दिवसांच्या आतली तारीख. चलनाच्या नंबरवाली बिलं इथे सापडतात. या तिसऱ्या पायरीवर प्रोग्रॅम फक्त सुचवतो, टिक ताई करतात. महिनाअखेरच्या बिलांसाठी मागच्या महिन्यातलं न जुळलेलं सगळं पुढच्या महिन्यात आपोआप ओढून आणायचं. बास.

तपासायला मागचे तीन महिने होतेच, ज्यांची उत्तरं ताईंच्या लाल पेन्सिलीने लिहिलेली होती. ते जुळले. मग जूनच्या यादीवर चालवला, आणि २१० च्या जागी २७ बिलं उरली.

त्या २७ मधली नऊ एकाच पुरवठादाराची होती. यात बघण्यासारखी गोष्ट अशी की, एखाद-दुसरं बिल गायब असेल तर बहुधा टायपिंगचा घोळ असतो. पण एका तारखेपर्यंत सगळी आहेत आणि तिच्यानंतरची एकही नाही, असं दिसलं तर पुरवठादाराकडे काहीतरी बदललंय असं समजावं. ताईंनी फोन लावला. त्यांच्याकडे नवा माणूस आला होता, आणि त्याने मामांच्या भावाच्या फर्मचा जीएसटी नंबर निवडला होता. नावात एका शब्दाचा फरक. नऊ बिलांवरचा कर ६१,००० रुपये. तो त्या महिन्यात मिळाला नाहीच, कारण पुरवठादाराने पुढच्या विवरणात दुरुस्ती केल्याशिवाय ती बिलं मामांच्या यादीत येणार नव्हती. पण नेमकं कारण १९ जुलैला कळलं आणि दुरुस्तीसाठी मागे लागता आलं. ताई म्हणाल्या, "एरवी हे मला दिवाळीत कळलं असतं." मामांनी दुसऱ्या भागाचे राहिलेले पैसे न मागता दिले.

त्या पैशांचीही एक गंमत आहे. मामांची भागीदारी फर्म, त्यामुळे टीडीएस. तेव्हा वर्षाला तीस हजारांपर्यंत कापायचा नसे. पहिले १२,००० आणि आगाऊ १७,५०० मिळून झाले २९,५००, म्हणून पूर्ण आले. शेवटच्या हप्त्याने मर्यादा ओलांडली, आणि मग त्यांच्या सीएने सगळ्या ४७,००० वर १० टक्के म्हणजे ४,७०० एकदम कापले. माझ्या खात्यात १७,५०० ऐवजी १२,८०० आले. पगारात सगळं कापून सारखंच यायची सवय, त्यामुळे पाच मिनिटं घाम फुटला. हे पैसे कुठे जात नाहीत, आपल्या नावावर जमा असतात आणि रिटर्न भरताना वळते होतात. पण महिन्याच्या हप्त्याचं गणित हातात येणाऱ्या पैशावर करावं लागतं, बिलावर लिहिलेल्या नाही, हे तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर आहे.

यानंतर कामांचा पाऊस पडला वगैरे काही नाही. ऑगस्टमध्ये मामांच्या सीएचा फोन आला. त्यांच्याकडे असे बरेच व्यापारी होते, आणि वर १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं होतं; जुन्या प्रोग्रॅमवाल्यांची पंचाईत. त्यातून दोन कामं मिळाली. सप्टेंबरमध्ये अजून एक. खात्यातली रक्कम कमी होतच होती, फक्त हळू. ती पहिल्यांदा न घटलेला महिना नोव्हेंबर, म्हणजे सहापैकी सहावा! बायकोने कॅलेंडरवर त्या तारखेला काहीतरी खूण केली होती, ती तिने कधी पुसली ते मला दिसलं नाही.

बाकी बदल बारीक-सारीक. "काय करता?" या प्रश्नाला जूनमध्ये मी "बॅकएंड डेव्हलपर" म्हणायचो आणि समोरचा प्रिंटरबद्दल विचारायचा. आता "व्यापाऱ्यांची २बी जुळवून देतो" म्हणतो. दहातल्या नऊ जणांना त्यातलं काही कळत नाही, आणि दहावा खुर्ची पुढे ओढतो. नवीन माणसाकडे गेलो की पहिले दोन दिवस लॅपटॉप बॅगेत. साइटवरचं प्रोफाइल अजून आहे, त्यावर अजूनही एकही अभिप्राय नाही.

या कामाची एक अडचण मात्र मिटलेली नाही. सगळ्यांची चौदा तारीख एकाच दिवशी येते. चौथा क्लायंट आला तेव्हा ते सहा दिवस मी पहाटे दोनपर्यंत जागा, आणि बावीस तारखेला रिकामा. दर वाढवून हे सुटत नाही, तारीख सरकारची आहे. म्हणून दरमहाची सेवा सहा जणांपुरतीच ठेवलीय, उरलेले दिवस ज्याला तारीख नाही अशा कामांना. सातव्याला नाही म्हणताना अजूनही पोटात गोळा येतो, कारण तो जून काही फार लांब नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पोर्टलवर नवीन सोय आली, बिलं २बी मध्ये यायच्या आधीच स्वीकारायची, नाकारायची किंवा प्रलंबित ठेवायची. प्रोग्रॅमला एक नवी पायरी जोडावी लागली. ती दाखवायला मामांच्या माळ्यावर गेलो, तेव्हा ताईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "म्हणजे आता चौदाच्या आधीच सुरुवात करायची, होय ना? मग तुम्ही बारा तारखेलाच या. आणि येताना त्या प्रिंटरचं काहीतरी बघा हो."